व्हिडिओ केवायसीत चेहरा कसा ताडला जातो: पहिल्यांदा खाते उघडणाऱ्यांसाठी

मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या मामांनी सोलापुरात भवानी पेठेतल्या घरी बसून फोनवरून बँकेचे बचत खाते उघडायचे ठरवले आणि एकाच आठवड्यात त्यांची व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर होणारी ओळख पडताळणी, तीन वेळा फसली. तिन्ही वेळा फोनवर आलेला संदेश साधारण एकच होता: पडताळणी पूर्ण होऊ शकली नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा. चेहरा ताडणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी करणे हे माझे रोजचे काम असल्याने मी चौथ्या वेळी कॉल लागेपर्यंत त्यांच्या शेजारी बसून सगळे नीट पाहिले. तेव्हा लक्षात आले की तिन्ही अपयशांची कारणे वेगवेगळी होती आणि ती बाहेरून ओळखताही येण्यासारखी होती. या लेखात त्यांच्याच उदाहरणावरून प्रत्येक पायरीवर यंत्र आणि अधिकारी नेमके काय पाहतात हे सांगितले आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी. या कॉलमध्ये दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न असा की समोरचा चेहरा ओळखपत्रावरच्या छायाचित्रातल्या माणसाचाच आहे का. दुसरा असा की कॅमेऱ्यासमोर हा माणूस आत्ता खरोखर बसलेला आहे, की कोणी त्याचे छायाचित्र, चित्रफीत किंवा मुखवटा धरून बसले आहे. पहिल्याला चेहरा जुळवणी आणि दुसऱ्याला लाइव्हनेस तपासणी म्हणतात. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असूनही दुसऱ्याचे नकारार्थी असू शकते, कारण माणसाचे छायाचित्र त्याच्याशी जुळणारच. म्हणूनच दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या कराव्या लागतात. उपाय करताना आपली अडचण कोणत्या प्रश्नावर आली हे आधी ओळखले नाही, तर माणूस भलतेच दुरुस्त करत बसतो. मामांनी दुसऱ्या प्रयत्नाआधी दाढी केली होती, आणि तिचा काही संबंध नव्हता.

पायरी पहिली: कॉल सुरू होण्यापूर्वी

रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये केवायसीच्या नियमांत बदल करून व्हिडिओद्वारे ग्राहकाची ओळख पटवण्याची पद्धत मान्य केली आणि मे 2021 मध्ये तिचे तपशील अधिक काटेकोर केले. या नियमांनुसार कॉलवर बँकेचा स्वतःचा, त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला अधिकारीच असावा लागतो, ग्राहकाची संमती नोंदवावी लागते आणि चित्रफितीवर तारीख, वेळ व ग्राहक कोठे बसला आहे याचे अक्षांश-रेखांश उमटावे लागतात. त्यामुळे ॲप कॅमेरा व माइकबरोबर लोकेशनचीही परवानगी मागते आणि ती नाकारली तर कॉल पुढे सरकत नाही. भारताबाहेरच्या इंटरनेट पत्त्यावरून आलेली जोडणी अडवणे बँकेला बंधनकारक आहे, म्हणून फोनमध्ये व्हीपीएन, म्हणजे आपला इंटरनेट पत्ता बदलून दाखवणारा पर्याय, चालू असेल तर तो आधी बंद करावा. स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे ॲप चालू असेल तर तेही बंद करावे. अनेक बँकांची ॲप ते दिसताच थांबतात, आणि फसवणूक करणारे लोक नेमके तेच ॲप उतरवायला सांगतात.

कॉलची सुरुवात नेहमी बँकेच्या स्वतःच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून व्हावी. कोणी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून 'केवायसी करून देतो' म्हणाला तर तो कॉल कापावा. आधारचा ओटीपी आपण स्वतः ॲपमधल्या रकान्यात भरायचा असतो; तो तोंडाने कोणालाही सांगायचा नसतो.

पायरी दुसरी: ताडण्यासाठी छायाचित्र कोठून येते

या पायरीबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. मामांनी पहिल्या अपयशानंतर आधार कार्डाची नवी, चकचकीत, प्लॅस्टिकची प्रत मागवली होती, कारण जुन्या कार्डावरचा फोटो पुसट झाला होता. प्रत्यक्षात, ओटीपी भरून आधारची ई-केवायसी केली की छायाचित्र आधारच्या मूळ नोंदीतून थेट बँकेकडे येते. हातातले कार्ड कितीही चांगले छापलेले असले तरी नोंदणीच्या दिवशी केंद्रावर काढलेले छायाचित्रच ताडण्यासाठी वापरले जाते. आधारची सुरुवात सप्टेंबर 2010 मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली, त्यामुळे महाराष्ट्रात पुष्कळांची छायाचित्रे दहा-बारा वर्षांपूर्वीची आहेत. मामांचे 2012 सालचे होते: काळे केस, जाड मिशी, भरलेले गाल आणि वरून पडलेल्या ट्यूबलाइटमुळे डोळ्यांखाली सावली. आज केस पांढरे, मिशी नाही, चष्मा आहे आणि गाल आत गेलेले आहेत.

दुसरे छायाचित्र पॅन कार्डावरचे असते. ते अधिकारी कॉलमध्येच कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतो व टिपून घेतो. कार्ड मूळ असावे लागते. ई-पॅनची घरी काढलेली छापील प्रत चालत नाही. ई-पॅन असल्यास ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच द्यावे लागते. कार्ड धरताना ते किंचित खाली झुकवावे, म्हणजे ट्यूबलाइटची चमक नेमकी फोटोवर पडत नाही, आणि बोट फोटोच्या कडेवर येऊ देऊ नये.

पायरी तिसरी: चेहरा जुळवणी

यंत्र दोन छायाचित्रे एकमेकांवर ठेवून पाहत असेल असे आपल्याला वाटते, पण तसे होत नाही. ते आधी चित्रात चेहरा शोधते, मग दोन डोळे, नाकाचे टोक आणि ओठांचे दोन कोपरे असे काही बिंदू ठरवते आणि त्या बिंदूंच्या आधारे चेहरा सरळ करून ठराविक आकारात कापते. कापलेला तुकडा लहानच असतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत तो 112 बाय 112 पिक्सेलचा असतो. त्या तुकड्यापासून न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकवलेले सॉफ्टवेअर, आकड्यांची एक यादी तयार करते, बहुधा 512 आकड्यांची. यातला अमुक आकडा नाकाचा आणि तमुक कपाळाचा असे नसते. पण एकाच माणसाच्या दोन छायाचित्रांच्या याद्या एकमेकींच्या जवळ पडाव्यात आणि दोन माणसांच्या दूर, अशा तऱ्हेने ते नेटवर्क लाखो चेहऱ्यांवर शिकवलेले असते. शेवटी दोन याद्यांची जवळीक एका आकड्यात मोजली जाते आणि तो बँकेने ठरवलेल्या रेषेच्या वर आहे की खाली एवढे पाहिले जाते.

ही रेषा कोठे आखायची हा निर्णय माणसांनी घेतलेला असतो. ती खाली आणली तर दुसऱ्याचा चेहरा आपला म्हणून खपण्याचा धोका वाढतो. वर नेली तर खऱ्याच माणसाला परत पाठवण्याचे प्रमाण वाढते. बँका स्वाभाविकपणे पहिल्या चुकीला जास्त भितात, म्हणून रेषा वरच्या बाजूला असते आणि मामांसारखी, जुने छायाचित्र असलेली माणसे तिच्या आसपास घोटाळतात. वयातला फरक हा त्यांचा दोष नाही, पण आकड्यातून तो थोडा वाटा खातोच. म्हणून उरलेले वाटे, म्हणजे प्रकाश, अंतर आणि कोन, आपल्या हातात आहेत तेवढे वाया जाऊ देऊ नयेत.

पहिल्या प्रयत्नात मामा पश्चिमेच्या खिडकीला पाठ करून बसले होते. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी चार वाजता त्या खिडकीतून जो उजेड येतो त्यापुढे कोणताही फोन हात टेकतो: कॅमेरा खिडकीसाठी उजेड कमी करतो आणि चेहरा काळपट आकृतीसारखा उरतो. डोळ्यांचे कोपरे आणि ओठांच्या कडा ठरवायला जी छटा लागते तीच नाहीशी होते. हे ओळखणे सोपे आहे. स्क्रीनवर स्वतःकडे पाहावे. आपल्या भुवईचे केस वेगवेगळे दिसत नसतील, तर यंत्रालाही ते दिसत नाहीत. उपाय एवढाच की त्याच खिडकीकडे तोंड करून बसावे, मात्र थेट ऊन चेहऱ्यावर घेऊ नये, कारण अर्धा चेहरा उजळ आणि अर्धा सावलीत असेल तर तोही दोन तुकड्यांसारखा दिसतो. चष्मा काढावा, म्हणजे काचेतली चकाकी डोळ्यांवर येत नाही. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात त्वचा गुळगुळीत करणारा 'ब्यूटी' पर्याय असतो, तो बंद करावा. त्याने सुरकुत्या जातात, पण त्वचेचा पोतही जातो, आणि पुढच्या तपासणीत हा पोतच जिवंत त्वचेची खूण म्हणून पाहिला जातो.

पायरी चौथी: लाइव्हनेस, म्हणजे माणूस समोर आहे का

येथे यंत्र दोन तऱ्हांनी काम करते. एका तऱ्हेत ते आपल्याला काहीच करायला सांगत नाही, नुसते चित्र पाहते. दुसऱ्या फोनच्या पडद्यावरचे छायाचित्र कॅमेऱ्यासमोर धरले तर दोन पडद्यांच्या बारीक ठिपक्यांची गाठ पडून लहरी उमटतात. बारीक चौकड्यांचा सदरा टीव्हीवर चमचमताना आपण पाहतो, तीच ही गोष्ट. कागदावर छापलेल्या चेहऱ्याला शाईचे दाणे आणि कडा असतात. हे बारकावे डोळ्यांना दिसत नाहीत, पण शिकवलेल्या नेटवर्कला दिसतात.

दुसऱ्या तऱ्हेत आपल्याला काहीतरी करायला सांगितले जाते: मान डावीकडे वळवा, डोळे मिटा, अमुक अंक वाचा. मान वळवण्यामागचे कारण गमतीदार आहे. नाकाचे टोक गालांपेक्षा पुढे असते, त्यामुळे खरा चेहरा वळला की नाक एका डोळ्याच्या जवळ सरकते आणि दुसऱ्यापासून लांब जाते. कागदावरचा चेहरा फिरवला तर सगळेच सारख्या प्रमाणात अरुंद होते आणि नाक दोन डोळ्यांच्या मध्येच राहते. हा फरक टिपता यावा म्हणून मान सावकाश, पण पुरेशी वळवावी. नुसते डोळे बाजूला फिरवून भागत नाही, आणि फोनही मानेबरोबर फिरवू नये.

मामांचा दुसरा प्रयत्न डोळ्यांच्या उघडझापीवर अडला. ते तीनतीनदा पापण्या मिटत होते आणि पडदा पुन्हापुन्हा तीच सूचना दाखवत होता. याचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. उघडझाप ओळखण्याची एक नेहमीची पद्धत म्हणजे डोळ्याच्या उघड्या भागाची उंची भागिले डोळ्याची रुंदी. समजा चेहरा चित्रात 160 पिक्सेल रुंद आहे. तर एक डोळा सुमारे 34 पिक्सेल रुंद आणि उघडा असताना सुमारे 10 पिक्सेल उंच दिसेल, म्हणजे गुणोत्तर 0.3 च्या आसपास. डोळा मिटला की उंची 3 पिक्सेलवर येते आणि गुणोत्तर 0.1 च्या खाली जाते. ही घसरण स्पष्ट आहे. मामा मात्र फोन डब्याला टेकवून लांब खुर्चीत बसले होते, आणि चेहरा जेमतेम 60 पिक्सेलचा होता. अशा वेळी डोळा 13 पिक्सेल रुंद आणि 4 पिक्सेल उंच. त्यात एका पिक्सेलची चूक झाली की गुणोत्तर 0.3 चे 0.23 होते, आणि डोळा मिटला की चित्रच डळमळले हे ठरवणे अवघड होते.

त्यावर मोबाइल नेटवर्कची भर पडली. उघडझाप साधारण सेकंदाच्या पंचमांश भागात होऊन जाते. कॉलमध्ये सेकंदाला 15 चित्रे जात असतील तर मिटलेला डोळा तीन चित्रांत येतो. घरातल्या त्या कोपऱ्यात सिग्नलची एकच कांडी असल्याने चित्रांचा वेग सेकंदाला चारपर्यंत घसरला, तर दोन चित्रांत पाव सेकंदाचे अंतर पडते आणि पापणी त्या फटीतच मिटून उघडते. म्हणजे डोळा खरोखर मिटूनही यंत्राला तो मिटलेला कधीच दिसत नाही. आपला चेहरा पडद्यावर धक्के खात हलत असेल, तर हेच चालले आहे असे समजावे. उपाय दोन आहेत. फोन हाताच्या अंतरावर, डोळ्यांच्या रेषेत धरावा, म्हणजे चेहरा दाखवलेल्या गोलात भरून येतो. आणि डोळे मिचकावण्याऐवजी मनात 'एक' म्हणेपर्यंत मिटून ठेवावेत व मग उघडावेत. चौथ्या वेळी मामांनी एवढेच केले आणि पहिल्याच खेपेला काम झाले.

ज्यांना डोळ्यांची उघडझाप करताच येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पर्यायी पद्धती ठेवण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने नियमात स्पष्ट केले की लाइव्हनेस तपासणीमुळे विशेष गरजा असलेली व्यक्ती वगळली जाऊ नये. म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या किंवा अर्धांगवायूने पापणी न हलणाऱ्या माणसाने कॉलवर अधिकाऱ्याला तसे सरळ सांगावे. उघडझापच केली पाहिजे असा आग्रह धरला तर तो नियमाला धरून नाही.

पायरी पाचवी: अधिकाऱ्याचे प्रश्न

चेहरा ताडण्यासाठी तंत्रज्ञान वापरले तरी आधार व पॅनवरचे छायाचित्र समोरच्या ग्राहकाशी जुळते याची खात्री अधिकाऱ्याने करायची असते. म्हणून यंत्राचा आकडा काठावर असला तरी अधिकारी दोन्ही छायाचित्रे पाहून, प्रश्न विचारून निर्णय घेतो. प्रश्नांचा क्रम आणि प्रकार दर वेळी बदलावा असा नियमच आहे, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेली चित्रफीत चालवून उत्तरे देता येत नाहीत. कधी तो चेहऱ्यासमोरून हात फिरवायला किंवा मान पूर्ण बाजूला वळवायला सांगतो. संगणकाने दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चढवलेला बनावट चेहरा अशा वेळी बोटांच्या कडांशी किंवा कानाजवळ फाटल्यासारखा दिसू शकतो. या सूचना विचित्र वाटल्या तरी त्या निमूटपणे पाळाव्यात.

मामांचा तिसरा प्रयत्न येथे फसला, आणि तो सगळ्यात हळहळ लावणारा होता, कारण चेहरा जुळला होता, डोळेही मिटून झाले होते. अधिकाऱ्याने जन्मतारीख विचारली, मामा क्षणभर थांबले आणि स्वयंपाकघराच्या दारातून मामींनी वर्षासकट ती सांगून टाकली. ग्राहकाला मागून कोणी सांगत असल्याचे दिसले तर पडताळणी फेटाळावीच लागते. दमदाटीने किंवा फसवून दुसऱ्याच्या नावे खाते उघडून घेण्याचे प्रकार यानेच पकडले जातात. मामींना ते फारच मनाला लागले. चौथ्या वेळी त्या दार लोटून बाहेर बसल्या, आणि मीही कॉल लागताच पलीकडच्या खोलीत गेलो. ग्राहकाने खोलीत एकट्याने बसावे, उत्तर आठवायला वेळ लागला तर तसे सांगावे आणि आधीच सगळे कागद हाताशी ठेवावेत, पण समोर वाचता येईल असा कागद धरून बसू नये.

कॉल मध्येच तुटला तर तो पहिल्यापासून करावा लागतो, अर्धवट भागावरून पुढे जाता येत नाही. म्हणून फोनची बॅटरी भरलेली असावी आणि तेवढ्या वेळापुरते येणारे दुसरे कॉल बंद ठेवावेत. सोलापुरात भारनियमनाने वायफाय गेले तर फोन आपोआप मोबाइल डेटावर जातो, पण त्या बदलाच्या क्षणी कॉल तुटण्याचा संभव असतो. म्हणून दोन्हींपैकी जे स्थिर असेल ते आधीच निवडून दुसरे बंद करून ठेवणे बरे.

पायरी सहावी: कॉलनंतर

कॉल संपताच खाते चालू होत नाही. नियमाप्रमाणे प्रत्येक चित्रफीत आणि नोंदी आणखी एका तपासणीतून, म्हणजे समवर्ती लेखापरीक्षणातून, गेल्यावरच खाते वापरता येते. त्यामुळे 'पडताळणी झाली' असा संदेश आल्यावर लगेच पैसे भरण्याची घाई करू नये.

तरीही चेहरा जुळतच नसेल तर दोन वाटा आहेत. एक, जवळच्या आधार केंद्रावर जाऊन छायाचित्र नवे करून घ्यावे. ते घरबसल्या ऑनलाइन बदलता येत नाही. दुसरी, कागद घेऊन शाखेत जावे. मधल्या काळात काही बँका केवळ ओटीपीवर आधारित खाते देतात, पण त्याला बेड्या असतात: शिल्लक एक लाख रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, वर्षभरात एकूण दोन लाखांपेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही आणि एका वर्षात पूर्ण ओळख पडताळून घ्यावी लागते.

मामांचे खाते दुसऱ्या दिवशी दुपारी चालू झाले. त्यांनी पहिला व्यवहार म्हणून मामींच्या खात्यात एक रुपया पाठवला आणि 2012 चा फोटो बदलायला आता आधार केंद्रावर कधी जायचे हे विचारले. मी त्यांना सकाळची वेळ सुचवली, म्हणजे रांगही कमी असते आणि चेहऱ्यावर घाम नसतो.